मनुष्यबळ विभागाने तक्रार दाबली, तर पुढचे पत्र कोणाला?

डहाणू तालुक्यातील वरोर, वाढवण, चिंचणी या किनाऱ्यावरील गावांतून अनेक तरुणी आणि महिला बोईसरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. कोणी औषधनिर्मिती कारखान्यात पॅकिंग करते, कोणी कापड कारखान्यात, तर कोणी कार्यालयात टंकलेखन. यातील बहुतेक जणी कंत्राटदारामार्फत लागलेल्या असतात. कामाच्या ठिकाणी एखाद्या पर्यवेक्षकाने वा सहकाऱ्याने लैंगिक छळ केला, तर त्यांना ठाऊक असलेले दार एकच असते, ते म्हणजे कंपनीचा मनुष्यबळ विभाग. तेथे तोंडी सांगितले जाते, 'बघतो' असे उत्तर मिळते आणि आठवडे निघून जातात.

या वाट पाहण्याची किंमत मोठी असते. महिलांचा कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, 2013 या कायद्यात मनुष्यबळ विभागाला तक्रार ऐकणारे पीठ म्हणून स्थानच नाही. तक्रार ऐकण्याचा अधिकार अंतर्गत समितीला आणि जिल्ह्यातील स्थानिक समितीला आहे. तक्रारीची मुदत घटनेच्या दिवसापासून मोजली जाते. मनुष्यबळ विभागाने फाइल उशाखाली ठेवली म्हणून ही मुदत थांबत नाही. त्यामुळे वरच्या पातळीवर पत्र लिहायचे, ते कोणाला, केव्हा आणि कोणत्या शब्दांत, हे आधीच माहीत असणे आवश्यक ठरते.

पुण्याहून गेलेले एक पत्र

वरच्या पातळीवर पत्र लिहिण्याचा महाराष्ट्रातील सर्वात महत्त्वाचा दाखला पुण्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 13 ऑगस्ट 1997 रोजी विशाखा खटल्यात प्रत्येक कामाच्या ठिकाणी तक्रार समिती असावी, असे बंधन घातले. परंतु अनेक आस्थापनांनी समित्या नेमल्याच नाहीत. जेथे नेमल्या, तेथे समितीचा अहवाल आल्यानंतर व्यवस्थापन पुन्हा स्वतःची वेगळी चौकशी लावत असे आणि तक्रारदार स्त्रीला सारे काही नव्याने सांगावे लागत असे.

पुण्यातील 'आलोचना' या स्त्री अभ्यास व संशोधन केंद्राच्या डॉ. मेधा कोतवाल लेले यांनी अशा अनेक प्रकरणांची माहिती देणारे पत्र सर्वोच्च न्यायालयाला लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. 1999 सालच्या क्रमांकांनी नोंदलेल्या या याचिकेवर 26 एप्रिल 2004 रोजी महत्त्वाचा आदेश झाला. तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठी चौकशी अहवाल मानला जावा, असे न्यायालयाने सांगितले. जानेवारी 2006 मध्ये कारखाने व दुकानांच्या बाबतीत राज्यांच्या कामगार आयुक्तांवर जबाबदारी सोपवली गेली. 19 ऑक्टोबर 2012 च्या अंतिम निकालात न्यायालयाने असेही स्पष्ट केले की, निर्देशांचे पालन न झाल्यास पीडित व्यक्तीला संबंधित उच्च न्यायालयाकडे दाद मागता येईल. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा केला.

कायद्यातील पायऱ्या

दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिची पीठासीन अधिकारी ही वरिष्ठ पदावरील महिला असते, किमान दोन सदस्य कर्मचाऱ्यांपैकी असतात, एक सदस्य बाहेरच्या स्वयंसेवी संस्थेतील असतो आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या तरी महिला असाव्या लागतात. समिती नेमल्याचा लेखी आदेश ठळक ठिकाणी लावणे मालकावर बंधनकारक आहे. कारखान्यात असा फलक दिसत नसेल, तर ती पहिली धोक्याची खूण समजावी.

समितीच स्थापन झालेली नसेल, कर्मचारी दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. चिंचणी-वरोर पट्ट्यात दागिन्यांच्या साच्यांचे, म्हणजे डायमेकिंगचे, काम छोट्या घरगुती कारखान्यांत चालते. चार-पाच माणसांच्या अशा ठिकाणी काम करणाऱ्या महिलेसाठी स्थानिक समिती हीच पहिली पायरी आहे. यासाठी पालघरला खेटे घालण्याची गरज पडू नये, म्हणून कायद्याच्या सहाव्या कलमात ग्रामीण व आदिवासी भागांत तालुका पातळीवर समन्वय अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. हा अधिकारी तक्रार स्वीकारतो आणि सात दिवसांच्या आत स्थानिक समितीकडे पाठवतो. डहाणू तालुक्यासाठी हे काम कोणाकडे आहे, याची विचारणा तहसील कार्यालयात किंवा पालघर येथील जिल्हाधिकारी कार्यालयात करावी.

'तू आमची नाहीस, कंत्राटदाराची आहेस' हे मनुष्यबळ विभागाचे ठरलेले उत्तर असते. कायद्यात ते टिकत नाही. कायद्यातील 'कर्मचारी' या शब्दात कंत्राटदारामार्फत लागलेली, रोजंदारीवरील, शिकाऊ आणि परिवीक्षाधीन महिलाही येते. कामानिमित्त मालकाने पुरवलेले वाहनही 'कामाचे ठिकाण' ठरते. म्हणजे बोईसरला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये घडलेला प्रकारही याच कायद्याखाली येतो.

एक उदाहरण, तारखांसह

ही मुदतीची गणिते कशी चालतात, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. वरोरची एक महिला तारापूर वसाहतीतील कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून पॅकिंगचे काम करते, असे समजू. 5 जानेवारीला पर्यवेक्षकाने तिची छेड काढली. 7 जानेवारीला तिने मनुष्यबळ अधिकाऱ्याला तोंडी सांगितले. 2 फेब्रुवारीला पुन्हा विचारले, तेव्हा 'चौकशी सुरू आहे' असे उत्तर मिळाले. 20 फेब्रुवारीला तिलाच पॅकिंगवरून गोदामात हलवण्यात आले. पर्यवेक्षक आपल्या जागी कायम राहिला.

येथे मनुष्यबळ विभागाच्या दोन चुका झाल्या. पहिली, तक्रार लेखी घेऊन समितीकडे पाठवलीच नाही. दुसरी, तिच्या इच्छेविरुद्ध तिलाच हलवले. चौकशी चालू असताना बदलीची शिफारस करता येते, पण बाराव्या कलमानुसार ती पीडित महिलेच्या लेखी विनंतीवरून समिती करते. बदली तिची किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची होऊ शकते. समितीला तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याचीही शिफारस करता येते आणि ही रजा तिच्या हक्काच्या रजेतून कापली जात नाही.

आता मुदत पाहू. लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. प्रकार वारंवार घडला असेल, तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने मोजले जातात. या महिलेची मुदत 5 एप्रिलला संपते. विलंबाचे पटण्यासारखे कारण असेल, तर समिती ते नोंदवून आणखी तीन महिने, म्हणजे 5 जुलैपर्यंत, मुदत वाढवू शकते. त्यानंतर या कायद्याचा दरवाजा बंद होतो.

हा धोका केवळ कागदावरचा नाही. कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील एका प्राध्यापिकेने तेथील कुलगुरूंविरुद्ध 26 डिसेंबर 2023 रोजी स्थानिक समितीकडे तक्रार केली. शेवटची घटना एप्रिल 2023 मधील होती. ऑगस्टमध्ये आपल्याला एका पदावरून दूर केले, हाही त्याच छळाचा भाग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. 12 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तक्रार मुदतबाह्य ठरवली. नंतरची प्रशासकीय कारवाई हा स्वतंत्र लैंगिक छळ मानता येणार नाही, असे न्यायालयाचे मत पडले. आपल्या उदाहरणातील महिलेने 20 फेब्रुवारीच्या बदलीपासून तीन महिने मोजले, तर तिचीही तीच गत होईल. तारीख 5 जानेवारीपासूनच धरली पाहिजे.

तिने 10 मार्चला पहिले पत्र अंतर्गत समितीच्या पीठासीन अधिकाऱ्यांच्या नावे दिले, असे समजू. समितीने सात कामकाजी दिवसांत त्याची प्रत पर्यवेक्षकाला पाठवली पाहिजे आणि त्याने दहा कामकाजी दिवसांत उत्तर दिले पाहिजे. चौकशी 90 दिवसांत, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत आणि मालकाची कारवाई अहवालानंतर 60 दिवसांत पूर्ण व्हायला हवी. परंतु 18 मार्चला तिला उत्तर आले की, 'आमच्याकडे वेगळी समिती नाही, मनुष्यबळ विभागच हे पाहतो.' हे उत्तर तिच्या हातातील मोठा पुरावा आहे. समिती नसल्याची ती लेखी कबुली होय. कलम 9 प्रमाणे समिती स्थापन झालेली नसेल, तेथे तक्रार स्थानिक समितीकडे करायची असते. तिने 20 मार्चला हेच पत्र समन्वय अधिकाऱ्यामार्फत स्थानिक समितीकडे पाठवले, तर ती मुदतीत बसते.

पत्र कसे असावे

वरच्या पातळीवरचे पत्र दीड-दोन पानांत मावेल इतके असावे. त्यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. पहिल्या भागात मूळ घटना आणि दुसऱ्या भागात मनुष्यबळ विभागाने काय केले वा काय केले नाही. बरीच पत्रे येथे फसतात. मनुष्यबळ विभागावरचा संताप दोन पाने व्यापतो आणि मूळ छळाची तारीखच राहून जाते. समितीला चौकशी मूळ छळाची करायची असते, हे ध्यानात ठेवावे.

नमुना पुढीलप्रमाणे :

'प्रति, अध्यक्षा, स्थानिक समिती, जिल्हा पालघर. द्वारा : समन्वय अधिकारी, तालुका डहाणू.

विषय : कामाच्या ठिकाणी झालेल्या लैंगिक छळाबाबत 2013 च्या अधिनियमातील कलम 9 अन्वये तक्रार.

महोदया, मी … या कारखान्यात … या कंत्राटदारामार्फत … पासून पॅकिंग विभागात काम करते. दिनांक 5 जानेवारी रोजी दुपारी सुमारे … वाजता … या ठिकाणी पर्यवेक्षक श्री. … यांनी (येथे त्यांचे शब्द व कृती जशीच्या तशी लिहावी). त्या वेळी … व … तेथे हजर होत्या.

दिनांक 7 जानेवारी व 2 फेब्रुवारी रोजी मी ही बाब मनुष्यबळ अधिकाऱ्यांना सांगितली. माझी लेखी तक्रार घेण्यात आली नाही. दिनांक 20 फेब्रुवारी रोजी माझी विनंती नसताना माझी बदली गोदामात करण्यात आली. दिनांक 10 मार्चच्या माझ्या पत्राला मिळालेल्या उत्तरात अंतर्गत समिती नसल्याचे कळवले आहे. प्रत सोबत जोडली आहे.

सबब माझी विनंती आहे की, तक्रारीची चौकशी करावी. चौकशी होईपर्यंत मला मूळ जागी ठेवून संबंधित पर्यवेक्षकाची अन्यत्र बदली करण्याची शिफारस करावी. अंतर्गत समिती स्थापन न केल्याबद्दल मालकाविरुद्ध कलम 26 नुसार योग्य ती कार्यवाही व्हावी.'

पत्राखाली सही, तारीख, पत्ता आणि जोडलेल्या कागदांची यादी द्यावी. नियमांनुसार तक्रारीच्या सहा प्रती, पुरावे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते सोबत द्यावे लागतात. लिहिता येत नसेल, तर तक्रार लेखी करण्यास मदत करणे हे समितीचे कर्तव्य आहे. शारीरिक वा मानसिक स्थितीमुळे ती महिला स्वतः तक्रार करू शकत नसेल, तर नातेवाईक वा मित्रमैत्रिणीदेखील तिच्या वतीने करू शकतात.

पत्र समक्ष दिले, तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही व तारखेसह पोच घ्यावी. पोच द्यायला नकार मिळाला, तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स या संकेतस्थळावरही (shebox.wcd.gov.in) तक्रार नोंदवता येते व ती संबंधित समितीकडे जाते. त्यावरील नोंदणी क्रमांक टिपून ठेवावा.

प्रत कोणाला द्यायची, हा नाजूक प्रश्न आहे. कायद्याच्या सोळाव्या कलमानुसार तक्रार, नावे आणि चौकशीचा तपशील गोपनीय ठेवायचा असतो. म्हणून पत्राची प्रत कंपनीच्या संचालकांना द्यावी, पण कामगारांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नये. तसे केल्यास मूळ प्रकरण बाजूला पडून तक्रारदारावरच बोट ठेवण्याची संधी दुसऱ्या बाजूला मिळते.

कोठे घसरते

मनुष्यबळ विभागाचा सर्वात प्रचलित मार्ग म्हणजे दोघांना खोलीत बसवून माफी मागायला लावणे आणि 'माझी काही तक्रार नाही' अशा कागदावर सही घेणे. कायद्यात समेट आहे, पण तो चौकशी सुरू होण्यापूर्वी, महिलेच्या स्वतःच्या विनंतीवरून, समितीमार्फतच करायचा असतो. समेटाच्या बदल्यात पैसे देण्याघेण्याची मुभा नाही. समेट झाल्यास त्याची नोंद होऊन प्रत दोघांना मिळते आणि पुढे चौकशी होत नाही. म्हणून समितीबाहेर पुढे केलेल्या कागदावर सही करू नये. आधीच केली असेल, तर ती कोणत्या परिस्थितीत केली, हे वरच्या पत्रात तारखेसह लिहावे.

दुसरी घसरण याच्या उलट दिशेची आहे. समितीने घाईघाईने निकाल लावला, तर तोही न्यायालयात कोसळू शकतो. गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखावर विद्यार्थिनींनी 2009 मध्ये केलेल्या तक्रारींची चौकशी अशीच वेगाने उरकण्यात आली. आरोप असलेल्या व्यक्तीला बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नाही, असे सांगत 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द केली आणि चौकशी पुन्हा समितीकडे सोपवली. म्हणजे चौदा वर्षांनी प्रकरण पुन्हा चौकशीच्या टप्प्यावर आले. याच प्रकरणात न्यायालयाने देशभरातील समित्यांची स्थिती तपासायला घेतली आणि 3 डिसेंबर 2024 रोजी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी, स्थानिक समिती व तालुका पातळीवरील समन्वय अधिकारी नेमण्यासाठी मुदती घालून दिल्या. तालुक्यात समन्वय अधिकारी नाही, असे उत्तर मिळाले, तर जिल्हाधिकाऱ्यांना लिहिताना या आदेशाचा उल्लेख करावा.

समिती नेमण्याची टाळाटाळ केल्याबद्दल मालकाला 50 हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा तोच गुन्हा सिद्ध झाल्यास शिक्षा दुप्पट होते व परवानाही रद्द होऊ शकतो. मात्र दंड झाला म्हणून छळाच्या तक्रारीचा निकाल लागत नाही. या दोन स्वतंत्र बाबी आहेत. समितीची शिफारस मान्य नसेल किंवा मालकाने ती अमलातच आणली नाही, तर 90 दिवसांत अपील करता येते. अपील कोणत्या न्यायालयात दाखल करायचे, हे आस्थापनेच्या स्वरूपावर अवलंबून असते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जावे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

पोलिसांकडे जाण्याचा हक्क या साऱ्यापासून वेगळा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 खाली लैंगिक छळ हा गुन्हा आहे आणि त्याला तीन महिन्यांची मुदत लागू नाही. ठाण्याने नोंद घेण्यास नकार दिल्यास तक्रारीचा मजकूर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो. समितीपुढील चौकशी चालू आहे, या कारणाने पोलीस तक्रार नाकारता येत नाही. तक्रार सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हेही कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. तक्रार जाणूनबुजून खोटी केल्याचे चौकशीत वेगळे सिद्ध व्हावे लागते.

मनुष्यबळ विभागात तोंडी सांगून झाले असेल आणि पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नसेल, तर त्या विभागाला तिसऱ्यांदा आठवण करण्यात वेळ दवडू नये. कॅलेंडरवर घटनेच्या तारखेपुढे तीन महिने मोजून त्या दिवसावर खूण करावी आणि पत्र त्याआधी समितीच्या नावे पोहोचते करावे.